घरी एकटे राहण्याचे वय

मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय मूल घरी राहू शकेल, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळू शकेल, असे वय. बहुतेक देशांच्या कायद्यात असा आकडा नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या कायद्यात तो आहे. तेथे आठ वर्षांखालील मुलाला घरात किंवा मोटारीत बंद ठेवून, नजरेआड जाता येत नाही. जायचेच असल्यास किमान तेरा वर्षांची विश्वासू व्यक्ती सोबत ठेवावी लागते. हा नियम मोडल्यास 500 डॉलरपर्यंत दंड, 30 दिवसांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तेरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे पुरे असे हा कायदा मानत नाही. विश्वासूपणाची अट तो वेगळी घालतो.

समजा, तेथील एका मराठी घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. मुलगा शाळेतून आल्यावर दोन तास एकटा राहिला, तर हे कलम आड येत नाही. त्याच दोन तासांत बहीण त्याच्यावर सोपवली, तर मात्र कायदा मोडतो. हा फरक रास्त आहे. एकट्या मुलाने स्वतःला धोक्यापासून दूर ठेवले की भागते. सांभाळणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या हालचालींवर सतत डोळा ठेवावा लागतो, आणि चार वर्षांचे मूल कधी खुर्चीवर चढेल याचा नेम नसतो.

समज आली की नाही हे नियम पाठ म्हणून दाखवण्यावरून कळत नाही. ‘दार उघडायचे नाही’ असे सांगणारे मूल ओळखीचा आवाज ऐकताच कडी काढते. म्हणून प्रत्यक्ष पाहावे. पालक शेजारच्या घरात असताना मुलाला पंधरा मिनिटे एकटे ठेवावे, मग अर्धा तास. वीज गेली, किल्ली हरवली, गॅसचा वास आला, अशा अनपेक्षित प्रसंगी ते काय करील, हे करून दाखवायला लावावे. गॅसचा वास आल्यावर दिव्याचे बटण न दाबता बाहेर पडून शेजाऱ्यांना हाक मारणारे मूल तयार आहे. आईला फोन लागेपर्यंत घरातच थांबणारे मूल, बारा वर्षांचे असले तरी, अजून तयार नाही. एकटेपणाची भीती वाटत असेल, तर तेही कारण पुरेसे मानावे.

भारतात असे किमान वय ठरलेले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 मध्ये बारा वर्षांचा उल्लेख आहे. पण ते कलम मुलाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूबद्दल आहे, दोन तास घरी ठेवण्याबद्दल नाही. बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 नुसार मात्र मुलाला शारीरिक वा मानसिक त्रास होईल अशी जाणूनबुजून केलेली हेळसांड शिक्षापात्र आहे, आणि त्या कलमापुढे भावंडाकडे सोपवले होते, एवढे सांगून पालकांची सुटका होत नाही.