/etc/glob : तारकेचा अर्थ लावणारा विस्मृत प्रोग्रॅम

युनिक्सवर `rm *.log` असा आदेश दिला की त्यातील तारका `rm` ला सहसा दिसत नाही. तिचा अर्थ आधीच लावला जातो आणि `rm` च्या हाती पडते ती केवळ नावांची तयार यादी. आज हे काम शेल स्वतःच करते. आरंभी मात्र ते दुसऱ्याच एका प्रोग्रॅमकडे होते.

१९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली नियमपुस्तिका सिद्ध झाली. त्या काळचे शेल अगदी आटोपशीर होते. आदेशात `*`, `?` किंवा `[` दिसले, की ते स्वतः काही न करता सगळा आदेश `/etc/glob` या स्वतंत्र प्रोग्रॅमच्या स्वाधीन करी. ग्लॉब डिरेक्टरी वाचे, जुळणारी नावे वर्णक्रमाने लावी आणि मग मूळ आदेश चालवी. ग्लॉब हे ‘ग्लोबल’चे लघुरूप.

एकही नाव जुळले नाही तर? १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतील ग्लॉबचे उत्तर रोखठोक होते: `No match` एवढे छापायचे आणि थांबायचे. मूळ आदेश सुरूच होत नसे. यातही एक खोच होती. दोन नमुन्यांपैकी एक जुळला, तर न जुळलेला दुसरा निमूटपणे गळून जाई.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे नवे शेल आले. ग्लॉबचे काम शेलच्या पोटात गेले आणि उत्तर बदलले. काहीच जुळले नाही, तर नमुना तारकेसकट जसाच्या तसा आदेशाकडे जाऊ लागला. बॅशने हाच वारसा घेतला. बिल जॉय यांचे सी शेल मात्र जुन्या `No match` शी निष्ठावंत राहिले. झेडशेलही असा आदेश अडवते.

बोर्न यांचा हा निर्णय निरुपद्रवी वाटतो. पण एका रिकाम्या डिरेक्टरीत, बॅशमध्ये, कोणी हे लिहिले असे समजा:

```
touch *.log
```

जुळणारे काहीच नाही, म्हणून `touch` ला `*.log` ही अक्षरेच मिळतात आणि ते इमानेइतबारे त्याच नावाची फाइल निर्माण करते. युनिक्सला फाइलच्या नावात तारका चालते. पुढे तिथे `a.log`, `b.log` अशा खऱ्या नोंदी साठतात. कोणाला तरी ती विचित्र फाइल खुपते आणि तो ती पुसण्यासाठी `rm *.log` लिहितो. आता नमुना सगळ्यांनाच जुळतो आणि खऱ्या नोंदीही नष्ट होतात. काहीच न जुळण्यातून नको तेवढे जुळण्याची पाळी येते, ती अशी. उपाय साधा होता: `rm '*.log'`. अवतरणातील तारकेला शेल हात लावत नाही.

नको तेवढे जुळण्याची दुसरी कथा टिंबाची आहे. डिरेक्टरीत `.` म्हणजे ती स्वतः आणि `..` म्हणजे तिची वरची डिरेक्टरी. रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिल्याप्रमाणे, `ls` च्या यादीत या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून एक सोपी तपासणी घातली गेली: पहिले अक्षर टिंब असेल तर नाव वगळा. नेमकी ती दोनच नावे तपासायला हवी होती. या आळसातून ‘लपलेल्या’ फाइली जन्मल्या. ग्लॉबनेही तशीच रीत पाळली. नमुना स्वतः टिंबाने सुरू झाला नाही, तर टिंबाने सुरू होणारे नाव त्याला जुळत नसे. म्हणून `*` सुरक्षित राहिली.

`.*` मात्र नाही. ती `..` लाही जुळे. एखाद्याच्या घरच्या डिरेक्टरीतील लपलेल्या फाइलींची मालकी बदलण्यासाठी प्रशासक `chown -R asha .*` लिही; आदेश `..` मधून वर चढे आणि शेजारच्या सगळ्यांच्या फाइली आशाच्या नावे होत. `rm` ने पुढे `.` आणि `..` पुसण्यास नकार द्यायला सुरुवात केली, पण `chown` ला तसे कुंपण नव्हते. दोष नमुन्याचा होता आणि तो एकेका आदेशात सुधारणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडणे.

बॅशमध्ये मूळ दुरुस्ती व्हायला २०२२ साल उजाडले. ५.२ या आवृत्तीत `globskipdots` हा पर्याय आपोआप चालू असतो आणि `.*` मधून ती दोन नावे वगळली जातात. समोरचे शेल कोणत्या पिढीचे आहे, हे एका निरुपद्रवी आदेशाने कळते:

```
echo .*
```

उत्तरात `..` दिसले, तर तिथे अजून जुनाच नियम चालू आहे.