लघुउत्पादकासाठी ईआरपी प्रणाली आणि स्वतंत्र लेखा-सॉफ्टवेअर

ईआरपी, म्हणजेच एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, ही उद्योगातील मागणी, खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब यांची नोंद एकाच माहितीसंचात ठेवणारी संगणक-प्रणाली होय. स्वतंत्र लेखा-सॉफ्टवेअर मुख्यतः आर्थिक व्यवहारांची नोंद करते. बिल आले, पैसे दिले, माल विकला, की त्याची खतावणी होते. लहान कारखान्यात एकदोनच उत्पादने असतात, तोवर एवढे पुरते. कोणता माल किती उरला, हे मालकाला पाठच असते. उत्पादने वाढू लागली की अडचण सुरू होते.

पार्श्वभूमी

ईआरपीचे मूळ कच्च्या मालाच्या नियोजनात आहे. जोसेफ ऑर्लिकी यांनी अमेरिकेत 1960च्या दशकात ‘एमआरपी’ ही सामग्री-नियोजनाची पद्धत विकसित केली. ‘ईआरपी’ ही संज्ञा मात्र 1990च्या सुमारास गार्टनर या सल्लागार संस्थेने रूढ केली. हिशेब हा या परंपरेतील एक भाग आहे, तिचा आरंभबिंदू नव्हे.

सामग्रीचे नियोजन

फरक समजण्यासाठी मसाल्याच्या एका काल्पनिक कारखान्याचे उदाहरण घेऊ. कांदा-लसूण आणि गोडा या दोन मसाल्यांच्या जोडीला त्याने मालवणी मसाला सुरू केला आहे. तिन्हींत धने लागतात. भाजण्या-दळण्यातील घट धरून 100 किलो तयार मसाल्यामागे धन्यांचे प्रमाण अनुक्रमे 20, 40 आणि 30 किलो आहे. या प्रमाणांच्या नोंदीला सामग्री-यादी म्हणतात.

मागणी 300 किलो कांदा-लसूण, 200 किलो गोडा आणि 100 किलो मालवणी मसाल्याची आली. त्यासाठी 60, 80 आणि 30 मिळून 170 किलो धने हवेत. गोदामात 90 किलो आहेत; पण त्यांतील 25 किलो आधीच्या मागणीसाठी राखून ठेवलेले आहेत. आणखी 40 किलोंची खरेदी ठरली असून तो माल वेळेत पोहोचणार आहे. म्हणजे हाताशी 105 किलो आणि तूट 65 किलोंची. व्यापारी 40 किलोंचे पोते विकत असेल, तर दोन पोती मागवावी लागतील. माल यायला सहा दिवस लागत असतील आणि दळण 15 तारखेला असेल, तर मागणी 9 तारखेपर्यंत नोंदवली पाहिजे. ईआरपी हा हिशेब प्रत्येक घटकासाठी करते. केवळ लेखा-सॉफ्टवेअर असेल, तर धन्यांची खरेदी बिल आल्यावरच वहीत दिसते. तूट मात्र दळणाच्या दिवशी कळते.

उत्पादनानुसार खर्च

नफा-तोट्याचे पत्रक साधारणतः एकूण नफा दाखवते. त्यात एखादे तोट्याचे उत्पादन सहज झाकले जाते. वरील 100 किलो मालवणी मसाला 50,000 रुपयांना विकला, कच्चा माल 32,000 रुपयांचा आणि पाकिटे-भरणीचा खर्च 11,000 रुपये, असे मानू. वरवर 7,000 रुपये सुटतात. परंतु तो दहा-दहा किलोंच्या दहा घाण्यांत दळला आणि प्रत्येक घाण्याआधी चक्की साफ करण्यास दोन तास लागले, तर 20 तास खर्ची पडले. तासाला 500 रुपये धरल्यास 10,000 रुपये होतात, म्हणजे 3,000 रुपयांचा तोटा. ईआरपीतील उत्पादन-आदेशावर हे तास नोंदलेले असतील, तरच तो उघड होतो. पन्नास किलोंचे दोनच घाणे केल्यास सफाईचा खर्च 2,000 रुपयांवर येतो आणि 5,000 रुपये उरतात. अर्थात वाचलेले तास दुसऱ्या कामी लागले, तरच ती बचत खरी.

मर्यादा

ही सीमारेषा काटेकोर नाही. टॅलीसारख्या लेखा-सॉफ्टवेअरमध्येही साठ्याची नोंद आणि सामग्री-यादीची सोय आहे, आणि कित्येक कारखान्यांना ती पुरेशी ठरते. दुसरीकडे, मुंबईत विकसित झालेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली असल्याने परवान्याचे शुल्क टळते. मात्र मांडणी, प्रशिक्षण आणि जुनी माहिती भरणे यांचा खर्च टळत नाही.

अपयशाचे कारण बहुधा नोंदींत सापडते. एका कारकुनाने ‘धने’ आणि दुसऱ्याने ‘धणे’ असे लिहून दोन वेगळ्या वस्तू तयार केल्या, तर साठा विभागला जातो. दोन्ही रूपे मराठीत प्रचलित असली, तरी संगणकाला ती एक वाटत नाहीत. मग पोती समोर असताना प्रणाली तूट दाखवते आणि अनावश्यक खरेदी होते. तसेच माल वापरल्याची नोंद दिवसाऐवजी आठवड्याअखेर केली, तर मधल्या दिवसांचे नियोजन संपलेल्या मालावर आधारलेले राहते. साठा उणे दिसणे ही अशा चुकांची ठळक खूण आहे. म्हणून प्रणाली सुरू करताना गोदामातील माल प्रत्यक्ष मोजून आरंभीचा साठा भरतात आणि पुढेही रोज थोड्या वस्तू मोजून नोंदींशी ताडून पाहतात.