हरवलेल्या कुत्र्यासाठी आवाहन (जुन्नर–आंबेगाव)

पाळलेला कुत्रा हरवल्यावर शोधासाठी लोकांची मदत मागणारा, छायाचित्र व संपर्क क्रमांक असलेला संदेश. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत अशा आवाहनात बिबट्याबाबतची सूचनाही आवश्यक असते.

पार्श्वभूमी : या तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात बिबटे उसाच्या फडांत राहतात आणि तिथेच पिल्ले वाढवतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात कुत्र्यांचा वाटा वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के आढळला. त्यामुळे रात्रीतून नाहीसा झालेला कुत्रा वाट चुकला, चोरीला गेला की बिबट्याने नेला, हे आधी पाहावे लागते. अंगणात रक्त किंवा फरपटल्याची खूण असेल, तर शोध तिथेच थांबवावा. ओल्या मातीतले ठसेही उपयोगी पडतात : कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत.

मजकूर : नमुना असा : “हरवला आहे. तांबूस नर, छाती पांढरी, गळ्यात निळा पट्टा. नाव मोत्या. काल संध्याकाळी सातच्या सुमारास नारायणगाव–ओतूर रस्त्यालगत शेवटचा दिसला. अनोळखी माणसाला चावू शकतो. पकडू नका, फोटो काढून फोन करा. अंधारात उसात शिरू नका.” खाली मोबाइल क्रमांक व तारीख द्यावी. घराचा पत्ता आणि बक्षिसाची रक्कम लिहू नये. डाव्या कानाची चीर यासारखी एक खूण मुद्दाम गाळावी. कुत्रा सापडल्याचे सांगणाऱ्याला तीच विचारावी आणि ताजा व्हिडिओ मागावा. खूण सांगता येत नसताना प्रवासखर्च किंवा औषधपाण्यासाठी आधी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी. कुत्रा ताब्यात घ्यायला दिवसा, वर्दळीच्या जागी, कुणाला तरी सोबत घेऊन जावे.

प्रसार : गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांबरोबर दूध डेअरी, ग्रामपंचायतीचा फलक, ऊसतोड टोळ्या आणि मेंढपाळ यांच्यापर्यंत मजकूर पोचवावा. पहाटे व रात्री शिवारात वावर असलेल्यांकडून माहिती लवकर मिळते. कुत्रा सापडल्यावर आवाहन मागे घ्यावे, म्हणजे लोक विनाकारण शिवार धुंडाळत नाहीत.

खबरदारी : शोध उजेडात, तीन-चार जणांनी मोठ्याने बोलत घ्यावा आणि बांधावरून हाका माराव्यात. मुलांना नेऊ नये. वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर बिबट्याच्या हल्ल्याचा धोका अधिक असतो, म्हणून फडाच्या कडेला खाली बसून डोकावू नये. अर्धवट खाल्लेला प्राणी दिसल्यास जवळ जाऊ नये, कारण बिबट्या भक्ष्याकडे परततो. उसात बिबट्याची पिल्ले दिसली तरी उचलू नयेत. मादी जवळपास असू शकते. अशा वेळी मागे फिरून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शोधताना कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.