दारूखाना की अप्तेका?

दारूखाना म्हटलं की आपल्याला किल्ल्यावरचं तोफांच्या दारूचं कोठार आठवतं. मुंबईकराला रे रोडजवळची, जुनी जहाजं मोडण्याची वस्ती आठवेल. मी मात्र हा शब्द दुशांबे शहरात औषधांच्या एका दुकानाच्या पाटीवर वाचला आणि क्षणभर थबकलो. ताजिक भाषेत 'दोरू' म्हणजे औषध. आपण 'दवादारू' म्हणतो ना, तीच ही दारू. आपल्याकडे ती बाटलीत आणि तोफेत गेली, तिकडे औषधाच्या पुडीत राहिली. फारसीतला दीर्घ 'आ' ताजिक माणूस 'ओ'कडे झुकवून उच्चारतो, म्हणून दारूखान्याचा झाला 'दोरुखोना'. गंमत अशी की पाटीवर दोरुखोना असलं, तरी रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारला तर तो 'अप्तेका' म्हणत होता. अप्तेका हा रशियन भाषेतून आलेला शब्द.

पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांच्यामधल्या या अंतराशी मला पुढचे काही महिने झगडावं लागलं. ही 2012 सालची गोष्ट. पुण्यात फारसी आणि रशियन शिकलो होतो, त्या बळावर एका मदतसंस्थेच्या आरोग्यपत्रकांचं ताजिक भाषांतर तपासण्याचं काम मिळालं. भाषांतर स्थानिक मंडळी करत. माझ्याकडे होतं ते मूळ मजकुराशी ताडून पाहणं आणि शंका विचारणं. सगळ्यात जास्त शंका एकाच प्रकारच्या निघाल्या : इथे आपला शब्द घ्यायचा की रशियन?

हा प्रश्न साधा का नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. ताजिक ही इराणच्या फारसीची सख्खी बहीण. 1920च्या दशकापर्यंत ती अरबी लिपीतच लिहिली जाई. 1924 साली उझबेकिस्तानच्या पोटात ताजिक स्वायत्त प्रजासत्ताक निघालं आणि 1929 साली ते वेगळं संघ-प्रजासत्ताक झालं. लिपी 1928 साली लॅटिन झाली आणि 1940 साली रशियन, म्हणजे सिरिलिक. बारा वर्षांत दोनदा लिपी बदलली. आजोबांनी जपलेली पोथी नातवाला वाचता येईना.

लिपीबरोबर शब्दही बदलले. 1930 नंतर इन्किलाबशेजारी 'रेव्होल्युत्सिया' येऊन बसला. प्रजासत्ताकाला 'रेस्पुब्लिका', मंत्र्याला 'मिनिस्त्र', लोकप्रतिनिधीला 'देपुतात', वर्तमानपत्राला 'गझेता' हे शब्द रूढ झाले. अरबी-फारसी शब्द सरंजामी आणि रशियन शब्द आंतरराष्ट्रीय, असा त्या काळचा हिशेब होता. स्तालिनच्या राजवटीत राष्ट्रवादी ठरणं जिवावर बेतू शकत होतं, तेव्हा लेखणी कुठल्या शब्दाकडे वळत असेल हे सांगायला नको. रशियन शब्द शक्यतो रशियन स्पेलिंगसकट घ्यायचे, हाही दंडक होता. त्यापायी वर्णमालेत अशी अक्षरं ठेवली गेली, ज्यांचा ताजिक शब्दांना काही उपयोग नव्हता.

वारा फिरला तो 1989 साली. त्या वर्षी 22 जुलैला ताजिक ही राज्यभाषा असल्याचा कायदा झाला आणि त्यात 'ताजिक' शब्दापुढे कंसात 'फारसी' असं लिहिलं गेलं. मग जुने शब्द परतू लागले. रेस्पुब्लिकाची 'जुम्हुरी' झाली, मिनिस्त्रचा 'वझीर' झाला, देपुतातचा 'वकील', गझेताची 'रूझनोमा'. 1998 साली लेखनाचे नियम बदलले आणि केवळ रशियन शब्दांसाठी ठेवलेली अक्षरं गेली. त्यामुळे उरलेल्या परक्या शब्दांनाही ताजिक अंगरखा चढला.

मराठी माणसाला यात ओळखीचं काही दिसेल. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. सावरकरांनी विसाव्या शतकात तीच वाट धरली. वझीर, दफ्तर, हुज्जत हे शब्द आपल्याकडे 'परके' म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ताजिक भाषेत हेच शब्द 'आपले' म्हणून सन्मानाने परत बोलावले गेले. तिथे हुज्जत म्हणजे भांडण नव्हे, कागदपत्र. कचेरीतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे हुज्जत मागितली तेव्हा मी दचकलो होतो. त्यांना हवा होता माझा पासपोर्ट.

आता प्रत्यक्ष पत्रकाकडे येऊ. विषय होता रक्तदाब. मजकूर चार ओळींचा : रक्तदाब तपासून घ्या, गोळ्या मध्येच थांबवू नका, औषध संपण्याआधी दुकानातून आणा, त्रास वाढला तर रुग्णालयात जा. भाषांतर करणारे गृहस्थ शाळेत भाषा शिकवत, म्हणून सगळे त्यांना 'मुअल्लिम' म्हणत. त्यांनी एकही रशियन शब्द न वापरता पानं उतरवली होती. रक्तदाबाला 'फिशोरि खून', औषधाच्या दुकानाला 'दोरुखोना', रुग्णालयाला 'बेमोरखोना' आणि इंजेक्शनला 'सूझनदोरू', म्हणजे सुईचं औषध. 'खून' म्हणजे तिथे रक्त, हे मला स्वतःला बजावत राहावं लागलं एवढंच. वाचायला मजकूर सुरेख होता.

आमच्याकडे एक चांगली पद्धत होती. पत्रक छापण्यापूर्वी ते अशा कुणाला तरी वाचून दाखवायचं, जिचा या कामाशी संबंध नाही, आणि 'समजलं का?' असं न विचारता 'आता तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणायचं. समजलं का विचारलं की माणूस संकोचाने हो म्हणतो. त्या दिवशी झाडलोट करायला येणाऱ्या आपांना बसवलं. आपा म्हणजे आपली ताई. त्यांनी दोरुखोना बरोबर सांगितलं, बेमोरखोनाही सांगितलं. 'बेमोर' म्हणजे आजारी आणि 'खोना' म्हणजे घर, तेव्हा शब्दच अर्थ सांगत होता. सूझनदोरूला त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे उकोल." उकोल हा रशियन शब्द. पण अर्थ त्यांना लागला होता. अडल्या त्या फिशोरि खूनवर. फिशोर म्हणजे दाब, हे त्यांना ठाऊक होतं, पण रक्त कोण कशाला दाबतंय हे त्यांना कळेना. मुअल्लिमांनी नाइलाजाने रशियन शब्द उच्चारला, 'दावलेनिये'. त्याबरोबर आपा म्हणाल्या, "ते तर मला आहे! दहा वर्षं झाली."

खोलीत कुणी बोललं नाही. ज्या बाईसाठी पत्रक होतं तीच समोर बसली होती आणि आपल्या आजाराचं नाव तिला आपल्याच भाषेत ओळखता आलं नव्हतं.

मुअल्लिम दुखावले. त्यांचं म्हणणं साधं होतं : आम्ही हा शब्द छापलाच नाही, तर तो लोकांच्या तोंडी येणार कधी? माझ्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं की शब्द रुजेपर्यंत रोग थांबत नाही. दोघांचंही खरं होतं. शेवटी एक तोड निघाली. पहिल्यांदा 'फिशोरि खून' लिहून कंसात 'दावलेनिये' द्यायचं आणि पुढे सगळीकडे नुसतं 'फिशोर' ठेवायचं. सूझनदोरू, दोरुखोना, बेमोरखोना यांना कंस द्यायचा नाही, कारण ते शब्द स्वतःचा अर्थ स्वतः सांगतात. दुसऱ्या दिवशी आपांना पुन्हा बसवलं, तेव्हा शेवटच्या ओळीतला फिशोर त्यांनी न अडखळता सांगितला.

यातून मला पहिली गोष्ट कळली ती ही की देशी शब्द आणि समजणारा शब्द एक नव्हेत. घटक ओळखीचे असतील आणि मिळून चित्र उभं राहत असेल, तर नवा शब्दही चालतो. हेलिकॉप्टरला ताजिक भाषेत 'चर्खबोल' म्हणतात. चर्ख म्हणजे चाक आणि बोल म्हणजे पंख. ऐकताच वस्तू दिसते. फिशोरि खून मात्र शरीराच्या आतली न दिसणारी गोष्ट आहे. तिथे लोक शब्द डॉक्टरकडून ऐकतात, आणि डॉक्टर वर्षानुवर्षं दावलेनिये म्हणत आले होते.

दुसरी अडचण आली ती न्यायालयाच्या बाबतीत. एका पत्रकात तक्रार कुठे न्यायची हे सांगायचं होतं. मुअल्लिमांनी 'दोदगोह' लिहिलं. शब्द मला फार आवडला, कारण 'दोद' म्हणजे आपली दाद. आपण कोर्टात जी दाद मागतो ती मिळण्याची जागा म्हणजे दोदगोह. वर्तमानपत्रंही हा शब्द वापरतात. पण न्यायालयाचं अधिकृत नाव 'सुद' आहे आणि तो रशियन शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाचं नाव 'सुदि ओली'. त्यातला 'ओली' म्हणजे आपल्या आलीजाबहाद्दरातला 'आली', म्हणजे उच्च. अर्धा रशियन, अर्धा अरबी असा हा जोड. आम्ही दोदगोह छापलं असतं, तर खेड्यातला माणूस त्या नावाची पाटी शोधत फिरला असता. इथे आवडीनिवडीला जागाच नव्हती. संस्थेचं नाव तिच्या दारावर असेल तेच लिहायचं.

अधिकृत नावांतही एकच एक धोरण नाही, हे जरा निरखलं की दिसतं. पंतप्रधान 'सरवझीर' झाले, पण राष्ट्राध्यक्ष 'प्रेझिदेन्त'च राहिले. 'रईस' हा शब्द हाताशी होता. पण सामुदायिक शेतीचा प्रमुखही रईस आणि शहराचा प्रमुखही रईस, म्हटल्यावर तो सर्वोच्च पदाला तोकडा वाटला असावा. राज्यघटनेसाठी 'सरकोनून' आणि 'कोन्स्तितुत्सिया' असे दोन्ही शब्द चालतात. सरकोनूनची घडण आपल्या सरन्यायाधीशासारखीच आहे.

तिसरी चूक माझी स्वतःची. शब्द अडला की मी इराणचा फारसी कोश उघडत असे. भाषा एकच, मग तिथला शब्द देशीच असणार, असा माझा समज. एकदा मी अशीच बसगाडीसाठी 'ओतोबूस' सुचवली. मुअल्लिम मिस्कीलपणे म्हणाले, "आमची 'अव्तोबूस' मॉस्कोहून आली, तुमची ओतोबूस पॅरिसहून तेहरानला आली. आम्ही गाडी का बदलावी?" रशियन शब्द काढून फ्रेंच बसवणं ही काही भाषाशुद्धी नव्हे. आणि अप्तेका तरी मुळात रशियन कुठे आहे? तो ग्रीक शब्द, रशियनने फक्त वाहून आणलेला.

काम संपताना आम्ही सगळ्या पत्रकांसाठी दोन पानांची शब्दयादी केली. प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने होते : दारावरच्या पाटीवर काय आहे, आपांनी काय म्हटलं, आणि आम्ही काय ठरवलं. पहिल्या दोन रकान्यांत एकच शब्द असला की प्रश्न मिटे. नसला, की वाद होई.

निघायच्या दिवशी आपा भेटायला आल्या. मी विचारलं, तब्येत कशी आहे? त्या म्हणाल्या, "फिशोर ठीक आहे." मुअल्लिम बाजूलाच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.