यमक नाही, म्हणून कविता नाही?

आपल्या मंचावर मुक्तछंदातली कविता म्हटली की कोणीतरी हमखास म्हणतो, "यमक नाही, ही कसली कविता?" या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीच्या इतिहासात सापडते.

१९ मे १९६८. माल्कम एक्स यांचा जन्मदिवस. त्यांची हत्या होऊन तीन वर्षे झाली होती. त्या दिवशी हार्लेममधल्या एका बागेत काही कृष्णवर्णीय तरुणांनी ढोलाच्या साथीने कविता म्हटल्या. त्यातून 'द लास्ट पोएट्स' हा गट उभा राहिला. लिंकन विद्यापीठातला विद्यार्थी गिल स्कॉट-हेरॉन याने त्यांना ऐकले. १९७० मध्ये त्याने स्वतःची कविता ध्वनिमुद्रित केली : 'द रिव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड'. क्रांती टीव्हीवर दिसणार नाही. साथीला फक्त हाताने वाजवायचे ढोल.

ही कविता यमकावर उभी नाही. ती उभी आहे एका नकारावर. टीव्हीवरच्या जाहिराती, मालिका, पुढारी यांची नावे तो एकामागून एक घेतो आणि प्रत्येक वेळी त्याच "नाही"कडे परततो. मधला मजकूर कधी लांब, कधी तोकडा. ढोलकीवाला कितीही फिरून समेवर येतो, तसा तो शीर्षकाच्या वाक्यावर येतो. दोन-तीन फेऱ्यांत श्रोत्याला परतीची जागा कळते, आणि तो तिची वाट पाहू लागतो. यमक कानाला जे देते, तेच काम इथे पुनरावृत्ती करते.

ही रीत आली कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून. तिथे उपदेशक एक वाक्य बोलून थांबतो आणि जमाव प्रतिसाद देतो. म्हणजे विराम रिकामा नसतो. तो श्रोत्यांच्या वाट्याचा असतो.

पण नुसते घोकणे म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. या कवितेत शेवटी नकार संपतो आणि होकार येतो : क्रांती प्रत्यक्ष घडेल. तो होकार जड पडतो, कारण त्याआधी इतके नकार साचलेले असतात. ओळ कुठेच वळली नाही, तर ती घोषणा होते.

१९७१ मध्ये हीच कविता पूर्ण वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित झाली. बेस, ड्रम, बासरी आली आणि तीच जास्त गाजली. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिलीत शब्दच ठेका धरतात, दुसरीत ठेका वाद्यांकडे जातो.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आपल्याकडे जलशाची परंपरा होतीच. तिथे ध्रुपद परत यायचे आणि कोरस ते उचलायचा. मुक्तछंदात चाल गेली, पण परत येणे उरले.

म्हणून मंचावर जाण्याआधी कविता मोठ्याने म्हणा. परत येणारी ओळ दुसऱ्या-तिसऱ्या वेळी समोरच्याच्या ओठांवर आली नाही, तर ती लांब आहे. छाटा. आणि थांबाल तिथे खरेच थांबा. घाईने पुढची ओळ म्हणालात, तर श्रोत्यांचा वाटा तुम्हीच खाल्लात.

जयभीम.