धातूचे कण बारीक केले की ताकद किती वाढते? हॉल-पेच समीकरण आणि एक सोडवलेलं गणित

नवाकोरा जीआय पत्रा उजेडात जरा तिरका धरून बघा. बऱ्याच पत्र्यांवर चकचकीत आणि मंद चट्ट्यांची नक्षी दिसते. त्यातला प्रत्येक चट्टा म्हणजे पत्र्यावरच्या जस्ताच्या थरातला एकेक स्फटिक. सगळे धातू आतून असेच असतात, असंख्य स्फटिकांचे तुकडे एकमेकांना चिकटून बनलेले. या तुकड्याला ग्रेन म्हणतात, आपण सरळ कण म्हणू. फरक इतकाच की स्टीलमधले कण सहसा केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतात, म्हणून मायक्रोस्कोप लागतो.

आता स्टीलची एक पट्टी थोडी वाकवून सोडली, तर ती परत सरळ होते. जास्त वाकवली तर वाकलेलीच राहते. हा बदल ज्या ताणाला सुरू होतो, ती त्या धातूची यील्ड स्ट्रेंथ. ती मेगापास्कलमध्ये मोजतात. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर १ न्यूटन बल. गंमत अशी की स्टीलमधली मूलद्रव्यं तीच ठेवून नुसते कण बारीक केले, तरी हा आकडा बराच वाढतो.

असं का होतं? धातू कायमचा वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. लग्नाच्या हॉलमधली मोठी सतरंजी सरकवायची तर तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेणं सोपं पडतं, तसंच इथे होतं. अणूंच्या रांगांमधल्या अशा सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात. ती एका कणात सहज पळते, पण दोन कणांच्या सीमेवर अडते, कारण पलीकडच्या कणात अणूंच्या रांगांची दिशाच वेगळी असते. मागून येणारी डिसलोकेशन्स तिच्या पाठीशी साचतात. रांग जितकी लांब, तितका सीमेवरचा धक्का मोठा, आणि शेवटी शेजारच्या कणातही सरकणं सुरू होतं. मोठ्या कणात लांब रांगेला जागा असते, म्हणून बाहेरून थोडा ताण दिला तरी भागतं. बारीक कणात रांग आखूडच राहते, आणि तोच धक्का द्यायला बाहेरून जास्त ताण लावावा लागतो.

हा संबंध इंग्लंडमध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडला: शेफील्डच्या ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि लीड्सच्या एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये.

```
σ = σ₀ + k/√d
```

इथे σ ही यील्ड स्ट्रेंथ आणि d हा कणांचा सरासरी व्यास. σ₀ म्हणजे कणसीमांचा हिशोब बाजूला ठेवला तरी धातू जो विरोध करतो तो. आणि k सांगतो की त्या धातूत सीमा किती जोरदार अडवते. माइल्ड स्टीलसाठी पुस्तकांत σ₀ साधारण ७० मेगापास्कल आणि k साधारण ०.७४ दिलेला असतो. पण हा ०.७४ मीटरच्या हिशोबातला आहे! आपण d मायक्रॉनमध्ये घेणार, म्हणून k ला १००० ने गुणायचं (एका मीटरमध्ये दहा लाख मायक्रॉन, त्याचं वर्गमूळ १०००). म्हणजे k झाला ७४०.

समजा एका माइल्ड स्टीलच्या पट्टीत कण ५० मायक्रॉनचे आहेत. ती थंड असतानाच रोलमधून चांगली दाबली आणि मग योग्य तापमानाला तापवली, तर जुने ताणलेले कण जाऊन नवे बारीक कण तयार होतात. ते १० मायक्रॉनचे झाले असं धरू. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा.

आधी: ५० चं वर्गमूळ ७.०७. ७४० ला त्याने भागलं की १०५. त्यात ७० मिळवले, १७५ मेगापास्कल.

नंतर: १० चं वर्गमूळ ३.१६. ७४० ला भागलं की २३४. त्यात ७० मिळवले, ३०४ मेगापास्कल.

वाढ १२९ मेगापास्कल. हातात घेऊन समजेल असं सांगायचं तर, या स्टीलची १ चौरस मिलिमीटर छेदाची तार आधी साधारण १८ किलो वजनाला कायमची ताणली जायला लागली असती, आता ३१ किलोपर्यंत तग धरेल.

फक्त वाढच हवी असेल तर σ₀ ची गरजच नाही. तो ७० ऐवजी १०० निघाला, तर आधीचा आकडा २०५ आणि नंतरचा ३३४ होईल, पण फरक १२९ च राहील. म्हणून ‘ताकद इतकी आहे’ यापेक्षा ‘ताकद इतकी वाढली’ हा अंदाज जास्त भरवशाचा असतो. k चं तसं नाही, तो चुकला की सगळंच चुकतं. तो धातूप्रमाणे खूप बदलतो. ॲल्युमिनियमचा k स्टीलच्या मानाने खूपच लहान, त्यामुळे तिथे हीच मेहनत करून थोडीच ताकद हाती लागते.

वर्गमूळामुळे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. कण चौपट लहान केले म्हणजे ताकद दुप्पट होते, असं बरेच जण धरून चालतात. दुप्पट होतो तो फक्त k/√d हा भाग, σ₀ आहे तिथेच राहतो.

एककांची चूक तर अगदी सहज ओळखू येते. d मायक्रॉनमध्ये आणि k मात्र ०.७४ ठेवला, तर उत्तर ७०.२ येतं. कण बारीक करूनही ताकद जवळपास σ₀ एवढीच दिसली, की एककं तपासा.

कणांचा आकार मोजायचा कसा? नमुना आरशासारखा घासून त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, लावतात. कणसीमा कोरल्या जातात आणि मायक्रोस्कोपखाली रेषांसारख्या दिसतात. मग फोटोवर सरळ रेघ ओढून ती किती सीमा ओलांडते ते मोजायचं. ५०० मायक्रॉनच्या रेघेने १० सीमा ओलांडल्या, तर सरासरी आकार ५० मायक्रॉन. एका रेघेवर विसंबू नका, वेगवेगळ्या दिशांनी बऱ्याच रेघा ओढा. १० मायक्रॉन समजलेला कण खरं तर १२ चा असला, तर अंदाज ३०४ वरून २८४ वर येतो. इतका फरक डिझाइनमध्ये जाणवतो.

खरा धोका वेगळाच आहे. पट्टी दाबल्यावर पुरेशी तापवलीच नाही, तर आत डिसलोकेशन्सची गर्दी तशीच राहते आणि तीही ताकद वाढवते. मोजलेला आकडा समीकरणापेक्षा बराच वर दिसतो आणि श्रेय मात्र उगाच बारीक कणांना जातं. मायक्रोस्कोपखाली कण लांबट, एकाच दिशेला ओढलेले दिसले, किंवा पट्टी तुटेपर्यंत पूर्वीपेक्षा बरीच कमी ताणली गेली, तर हाच संशय घ्यावा. खात्री करायची तर तीन-चार वेगवेगळ्या कणाकारांचे, नीट तापवलेले नमुने ओढून बघतात आणि आडव्या अक्षावर 1/√d घेऊन आलेख काढतात. बिंदू सरळ रेषेत बसले तर तिचा उतार म्हणजे त्याच स्टीलचा k. पुस्तकातल्या k पेक्षा हा कधीही चांगला.

मग कण आणखी बारीक करत गेलो तर? १० नॅनोमीटर, म्हणजे ०.०१ मायक्रॉन, घालून बघा. समीकरण ७४७० मेगापास्कल सांगतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. एवढ्याशा कणात डिसलोकेशन्सची रांग लागायलाच जागा उरत नाही. साधारण १०–२० नॅनोमीटरच्या खाली तर काही धातू उलट मऊ होताना दिसतात, कारण कण सीमांवरूनच एकमेकांवर घसरायला लागतात.

तापमान खूप वाढलं की हीच घसरण मोठ्या कणांच्या धातूलाही छळते. जेट इंजिनमध्ये सगळ्यात तापणारी टर्बाइनची पाती म्हणूनच अनेकदा एकाच अखंड स्फटिकाची ओततात, आत एकही कणसीमा न ठेवता.