परमतानुवाद आणि ऋणनिर्देश : रससूत्रावरील चर्चेच्या आधारे

रसविचारावरील बहुतेक निबंधांत एक वाक्य ठरल्याप्रमाणे येते : लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद व भट्टनायकाचा भुक्तिवाद यांचे खंडन करून अभिनवगुप्ताने आपला अभिव्यक्तिवाद स्थापिला. वाक्य सुटसुटीत आहे. परंतु त्यात कोणता विचार कोणाचा, याविषयी एकाहून अधिक प्रमाद दडलेले आहेत. ते का घडले हे पाहिले असता, दुसऱ्याचे मत आपल्या शब्दांत कसे मांडावे व त्याचे श्रेय कोणाला द्यावे, या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

या चर्चेची पहिली अडचण अशी की, ज्यांची मते उद्धृत केली जातात त्या आचार्यांचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. नाट्यशास्त्रावरील लोल्लटाचे व शंकुकाचे विवेचन लुप्त झाले आहे. भट्टनायकाच्या 'हृदयदर्पणा'चीही तीच गत झाली. या तिघांविषयी जे सविस्तर ज्ञान आपल्याला आहे ते प्रामुख्याने अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीस व अकराव्याच्या आरंभी झालेल्या एका काश्मिरी पंडिताच्या निवेदनातून आलेले आहे. अर्थात 'लोल्लट म्हणतो' असे आज कोणी लिहिले, तर त्याचा खरा अर्थ 'लोल्लट असे म्हणतो, असे अभिनवगुप्त सांगतो' एवढाच असतो. हे मधले निवेदन गाळणे म्हणजे न पाहिलेला ग्रंथ पाहिल्याचा आभास निर्माण करणे होय.

अभिनवगुप्ताची स्वतःची पद्धती या बाबतीत विलक्षण काटेकोर आहे. शास्त्रपरंपरेत आधी सांगितलेली गोष्ट प्रयोजनवश पुन्हा सांगण्यास अनुवाद म्हणतात. परमताचा असा अनुवाद करताना त्याने तीन सीमारेषा कटाक्षाने पाळल्या आहेत : मत कोणाचे, ते कोठे संपते, आणि त्यावरील आक्षेप कोणाचा.

प्रथम लोल्लटाचे उदाहरण घेऊ. अभिनवभारतीतील निवेदनानुसार विभाव हे स्थायिस्वरूप चित्तवृत्तीच्या उत्पत्तीचे कारण होत; आणि विभाव, अनुभाव इत्यादिकांनी उपचित झालेला, म्हणजे पुष्ट झालेला, स्थायी भाव तोच रस होय. उपचित न झालेला तो केवळ स्थायी. हा रस अनुकार्य रामादिकांच्या ठायी असतो, तसाच अनुसंधानाच्या बळावर अनुकर्त्या नटाच्या ठायीही असतो. एवढे सांगून अभिनवगुप्त थांबत नाही. प्राचीनांचाही हाच पक्ष होता, असे नमूद करून तो दंडीचा दाखला देतो. लोल्लटाच्या नावावर मत मांडताना त्या मताची पूर्वपरंपराही त्याने लपविली नाही.

आता 'उत्पत्तिवाद' हे नाव या निवेदनाशी ताडून पाहावे. उत्पत्तीचा उल्लेख येथे आहे खरा, पण तो चित्तवृत्तीच्या संदर्भात. रसाविषयी लोल्लटाचा मुख्य शब्द उपचय हा आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी रूढ झालेले हे नाव लोल्लटाच्या विचाराचा गाभाच झाकून टाकते. या नावावरून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप येणार नाही. परंतु लोल्लटाने जे म्हटल्याची नोंद नाही ते त्याच्या पदरी बांधल्याचा दोष मात्र त्याच्याकडे येतो. श्रेय हिरावून घेणे आणि भलतेच श्रेय लादणे, ही एकाच निष्काळजीपणाची दोन रूपे होत.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लोल्लटाच्या मतावरील आक्षेप अभिनवगुप्ताने स्वतःच्या नावाने मांडलेला नाही. शंकुकाला हे मान्य नाही, असे सांगून तो शंकुकाची कारणे देतो. पुढे शंकुकाचे मत येते : विभावादी ही लिंगे असून त्यांच्यावरून नटाच्या ठायी स्थायी भावाची प्रतीती होते. हा भाव रामादिकांच्या स्थायीचे अनुकरण असतो, आणि तो अनुकरणरूप असल्यामुळेच त्याला रस हे वेगळे नाव मिळते. त्यानंतर या अनुकरणकल्पनेची कठोर चिकित्सा सुरू होते. अनुकरण म्हणावयाचे ते कोणाच्या दृष्टीने? सामाजिकाच्या प्रतीतीच्या, नटाच्या अभिप्रायाच्या, वस्तुस्थितीचे विवेचन करणाऱ्या व्याख्यात्यांच्या, की खुद्द भरतमुनींच्या वचनाच्या आधारे? चारही पर्याय क्रमाने तपासून फेटाळले जातात. सामाजिकाने रामाची रती कधीच पाहिलेली नसल्याने समोर दिसते ते तिचे अनुकरण आहे, हे तो ओळखणार कसा, हा त्यातील एक मुद्दा.

ही चिकित्सा अभिनवगुप्ताची म्हणून अनेक निबंधांत येते. वस्तुतः तिच्या आरंभीच त्याने ती आपल्या उपाध्यायांची, म्हणजे भट्ट तौताची, म्हणून सांगितली आहे. तौताचा 'काव्यकौतुक' हा ग्रंथही नष्ट झाला आहे. तेव्हा शिष्याने हा निर्देश केला नसता, तर संस्कृत साहित्यशास्त्रातील एका अत्यंत सूक्ष्म युक्तिवादाचा कर्ता कायमचा अज्ञात राहिला असता. ज्या निर्देशामुळे तौताचे नाव नऊशेहून अधिक वर्षे टिकले, तो आजच्या निबंधकाराने एका वाक्याच्या सोयीसाठी पुसून टाकावा, हे शोचनीय होय.

हा प्रमाद रूढ होण्याचे एक कारण मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त सापडते. अकराव्या शतकातील या ग्रंथाच्या चौथ्या उल्लासात लोल्लट, शंकुक, भट्टनायक व अभिनवगुप्त या चौघांची मते नावानिशी आली आहेत. पण ती संक्षिप्त आहेत. अभिनवभारतीतील वादप्रतिवाद मम्मटाने गाळला, आणि त्याबरोबर तौतही गळाला. शिवाय संक्षेप करताना शब्द बदलले. मम्मटाच्या मांडणीत लोल्लटाचा रस मुख्यत्वे रामादी अनुकार्याच्या ठायी असतो व नटाच्या ठायी तो केवळ प्रतीत होतो. तसेच रत्यादी भाव विभावांनी 'जनित' होतो. अभिनवभारतीत उभयतांच्या ठायी असलेला रस येथे एकाच्या ठायी मुख्य व दुसऱ्याच्या ठायी प्रतीयमान झाला. हा मम्मटाचा अपराध नव्हे. प्रत्येक संक्षेप हा एक अन्वयार्थ असतो. मात्र त्याच्या आधारे लिहिणाऱ्याने 'मम्मटाच्या संक्षेपानुसार लोल्लटाचे मत' असेच म्हटले पाहिजे. दोन निवेदनांचा मेळ घालून तिसरेच मत बनविणे व त्यावर लोल्लटाचे नाव घालणे सर्वथा त्याज्य आहे.

याच्या उलट टोकाला हेमचंद्र उभा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत त्याने 'काव्यानुशासन' रचले आणि त्यावरील आपल्या 'विवेक' टीकेत अभिनवभारतीचा हा भाग जवळजवळ शब्दशः घेतला. अभिनवगुप्ताचे नाव त्याने घेतले आहे; आपण त्याच्याच मताचा आश्रय केला आहे, असेही तो सांगतो. म्हणजे विचाराचे ऋण मान्य झाले. परंतु उसने शब्द कोठे सुरू होतात व कोठे संपतात याची खूण मात्र वाचकाला मिळत नाही. त्या काळच्या टीकापद्धतीत हे दूषण मानले जात नसे, आणि आजच्या संशोधकांना तर त्याचा लाभच झाला. केरळात सापडलेल्या हस्तलिखितांच्या आधारे रामकृष्ण कवी यांनी अभिनवभारतीचा पहिला खंड 1926 साली बडोद्याहून प्रसिद्ध केला. त्यातील पाठ अनेक ठिकाणी भ्रष्ट होता, व रसप्रकरणाची शुद्धी करताना हेमचंद्राने जतन केलेला पाठ मोलाचा ठरला. आजच्या निबंधकाराला मात्र हा आधार घेता येणार नाही. लेखाच्या शेवटी किंवा प्रारंभी एकदा नाव घेतल्याने पुढच्या प्रत्येक उसन्या वाक्याची फेड होत नाही; शब्द घेतले असतील तर अवतरणचिन्हे हवीत, आणि विचार घेतला असेल तर निर्देश त्या त्या स्थळी हवा.

शब्द बदलले की चौर्य टळते, हा समज तर त्याहून घातक आहे. याचे नेमके वर्णन राजशेखराने सुमारे 900 च्या सुमारास लिहिलेल्या 'काव्यमीमांसे'त सापडते. अर्थ सगळा तोच, केवळ वाक्यरचना निराळी आणि तत्त्वतः भेद काहीच नाही, अशा उसनवारीस तो प्रतिबिंबकल्प म्हणतो. त्याचे विवेचन कवींसाठी आहे, व कवीला पूर्वसूरीचे नाव घेण्याचे बंधन नसते. म्हणून ते जसेच्या तसे निबंधाला लावता येत नाही. तथापि प्रतिबिंब ओळखण्याची त्याची कसोटी उपयुक्त आहे.

ती एका स्थळी लावून पाहू. समजा, विद्यार्थ्याने लिहिले : 'प्रेक्षकाला रामाचे प्रेम कधीही दिसलेले नसते, त्यामुळे नटाचे वर्तन ही त्याची नक्कल आहे हे त्याला कळणे शक्य नाही.' शब्द सर्वस्वी मराठी व स्वतःचे आहेत. तरी युक्तिवाद तौताचा असून नाव कोणाचेच नाही. हे प्रतिबिंब होय. दुसऱ्याने लिहिले : 'अभिनवगुप्ताच्या मते प्रेक्षकाला अनुकरणाची प्रतीती होऊ शकत नाही.' येथे नाव आहे, पण ते चुकीचे. तिसऱ्याने लिहिले : 'शंकुकाच्या अनुकरणकल्पनेवर अभिनवगुप्त आपल्या गुरूचा, भट्ट तौताचा, आक्षेप नोंदवितो. मूळ वस्तू पाहिल्यावाचून अनुकरण ओळखता येत नाही, हा त्याचा एक भाग. परंतु हा आक्षेप ज्ञात ऐतिहासिक व्यक्तीच्या भूमिकेला तितकासा लागू पडेल काय, हा प्रश्न उरतोच.' या तिसऱ्या परिच्छेदात निवेदक, आक्षेपक व निबंधकार हे तिघेही वेगळे ओळखू येतात. 'परंतु' या शब्दापाशी परमत संपते व स्वमत सुरू होते. असा सांधा निबंधात बोट ठेवून दाखविता येत नसेल, तर अनुवाद फसला असे समजावे.

अशा परिच्छेदासाठी आधारग्रंथ मिटून लिहिणे व मग उघडून ताडणे, हा मार्ग उपयोगी पडतो. ग्रंथ समोर उघडा असता वाक्याचा क्रम नकळत तोच राहतो आणि केवळ पर्यायी शब्द बसतात. ताडून पाहताना मात्र शब्दांपेक्षा 'मत', 'आक्षेप' व 'उदाहरण' यांचे धनी तपासावेत. कारण स्मरणाने लिहिताना प्रथम विस्मृती होते ती नावांचीच.

पूर्वपक्षांची ही दीर्घ चर्चा संपविताना अभिनवगुप्ताने आपली भूमिका स्पष्ट केली आहे. पूर्वसूरींच्या मतांना आपण दूषण दिलेले नसून त्यांचे शोधन केले आहे, असे तो म्हणतो. आणि बुद्धी न थकता वर चढते ती त्यांनी रचलेल्या विवेकाच्या पायऱ्यांवरून, असेही सांगतो. यावरून प्रारंभीच्या त्या रूढ वाक्यातील 'खंडन' हा शब्दही त्याच्या स्वतःच्या साक्षीला सोडून आहे, हे दिसून येईल. ज्या पायरीवर पाय ठेवला ती कोणी बसविली हे त्याने ठायी ठायी सांगितले, आणि म्हणूनच त्याची स्वतःची पायरी कोणती, हे आज निश्चितपणे दाखविता येते.